‘रिपेअरिंग चार्जेस’ म्हणजे नेमके कशाचे?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये जळालेल्या मोटरी टेम्पोतून येतात. कॉइल तोडून काढली जाते, नवी भरली जाते, वार्निश करून सुकवली जाते, बेअरिंग बदलले जाते, मेगरने तपासणी होते आणि मोटर परत जाते. या कामात कारागिराचा अख्खा दिवस, कधी दोन दिवस जातात. त्याचे बिल मात्र संध्याकाळी दोन मिनिटांत निघते, कारण टॅलीच्या यादीत कोणीतरी कधीकाळी ‘मोटर रिपेअरिंग चार्जेस’ असे एक नाव बनवून ठेवलेले असते. संगणकावर बसलेला मुलगा ‘मो’ टाइप करतो, नाव येते, तो एंटर मारतो. पाच एचपीचा पंप असो की वीस एचपीचा ब्लोअर, नाव तेच.

हा कागद ज्याच्या टेबलावर जातो त्याने ती मोटर कधी पाहिलेलीच नसते. मेंटेनन्सच्या माणसाने मोटर पाठवलेली असते, स्टोअरने परत आल्याची नोंद केलेली असते, पर्चेसने ऑर्डर काढलेली असते. अकाउंट्समधला माणूस हे तीन कागद जुळवतो आणि मग बिल पुढे सरकवतो. शंका काढायची त्याला हौस नसते. कागद जुळत नाहीत म्हणून तो फोन उचलतो.

नमुन्यादाखल एक बिल घेऊ. आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत. मूळ ओळ अशी: ‘मोटर रिपेअरिंग चार्जेस, 1 एल.एस., रु. 8,600’. त्यावर 18 टक्के जीएसटी रु. 1,548, एकूण रु. 10,148. कारखान्याकडून पहिला प्रश्न येतो, ही कुठली मोटर? दुसरा, ऑर्डर 6,500ची असताना 8,600 कसे? आणि त्याच महिन्यात दुसरी दहा एचपीची मोटर तेवढ्याच रकमेत झाली असेल, तर तिसरा आणि सगळ्यात चिवट प्रश्न: हेच बिल दुसऱ्यांदा पाठवले आहे का? शब्द तेच, रक्कम तीच. दोन बिले वेगवेगळी आहेत हे सिद्ध करायला वर्कशॉपच्या मालकाकडे बिल क्रमांकाखेरीज काहीच नसते.

कायद्याच्या नजरेने मूळ ओळीत मोठी खोट दिसत नाही. जीएसटीच्या नियमावलीतला 46वा नियम बिलावर वस्तूचे किंवा सेवेचे वर्णन मागतो, पण ते किती खोलात असावे हे सांगत नाही. ती खोली गिऱ्हाईकच ठरवते.

तीच ओळ आता दुरुस्त करू. सुरुवात मोटरच्या ओळखीपासून करायची, कारण बाकीचे सगळे तिच्यावर टांगलेले असते: ‘इंडक्शन मोटर, 10 एचपी, 1440 आरपीएम, फ्रेम 132एम’, पुढे नेमप्लेटवरचा अनुक्रमांक. जुन्या मोटरीची नेमप्लेट बऱ्याचदा गंजलेली किंवा चार थर रंगाखाली गेलेली असते. अशा वेळी कारखान्याचा गेट पास कामी येतो. मोटर बाहेर पडताना तिच्यासोबत परत करण्याच्या मालाचा पास, म्हणजे आर.जी.पी., निघतो. त्याचा क्रमांक आणि तारीख ओळीत आली की कुठली मोटर हा प्रश्नच उरत नाही, आणि जुळ्या बिलाचा संशयही त्याच फटक्यात जातो. अकाउंट्सवाल्याला फ्रेम 132एम म्हणजे काय हे कळण्याची गरज नाही. पासवरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक एक असला की त्याचे काम भागते.

मग रक्कम फोडायची. ‘रिवाइंडिंग, तांब्याची तार, क्लास एफ इन्सुलेशन, वार्निश व चाचणीसह: 10 एचपी, दर एचपीला 650, रु. 6,500’. ‘बेअरिंग 6208 झेडझेड, 2 नग, दर 450, रु. 900’. ‘मागच्या एंड शील्डचा बेअरिंगचा बोअर झिजल्याने स्लीव्ह बसवणे, 1 नग, रु. 1,200’. बेरीज पुन्हा 8,600. पण आता ऑर्डरमधले 6,500 कुठले आणि वरचे 2,100 कशाचे, हे उघड दिसते.

या 2,100मध्येच खरी मेख असते. मोटर उघडेपर्यंत बोअर झिजला आहे हे कोणालाच माहीत नसते. वर्कशॉपमधून फोन जातो, मेंटेनन्सचा इंजिनिअर “करून टाका” म्हणतो आणि विसरून जातो. महिन्याने अकाउंट्सने विचारले की त्याला काहीच आठवत नाही. म्हणून फोननंतर लगेच एक ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश पाठवून होकार लेखी घ्यायचा आणि बिलात त्या ओळीखाली ‘जादा काम, मान्यता दि.’ असे तारखेसह लिहायचे. हा होकार मिळालाच नसेल, तर वर्णन कितीही नेटके केले तरी ओळ अडकते.

आणखी एक प्रश्न तांब्याचा. जळालेल्या कॉइलचे तांबे भंगारात चांगल्या भावाने जाते, आणि कारखान्यातल्या कोणाला तरी ते आठवतेच. जुने तांबे किती किलो निघाले आणि कोणत्या चलनाने परत दिले, ही एक ओळ बिलात शून्य रकमेची असली तरी लिहावी. तांबे वर्कशॉपकडेच राहायचे ठरले असेल, तर ते कोटेशनमध्येच ठरलेले असावे. बिलातून तो विषय पहिल्यांदा निघू नये.

एवढे सगळे टॅलीत कुठे लिहायचे? F12च्या सेटिंगमध्ये वस्तूच्या नावाखाली जादा वर्णन लिहिण्याची सोय सुरू करता येते. पण खरी दुरुस्ती यादीत आहे. ‘रिपेअरिंग चार्जेस’ हे नाव वापरातून काढून ‘रिवाइंडिंग’, ‘बेअरिंग’, ‘मशीनिंग’ अशी वेगळी नावे केली, की घाईतल्या मुलालाही मोघम लिहायला जागा उरत नाही. आकडे मात्र त्याने कारागिराच्या जॉब कार्डवरूनच घ्यायचे. कार्डावर बेअरिंगचा नंबर नसेल तर बिलातही तो येणार नाही.

फोडणीही बेताने घालावी. काही कारखान्यांची ऑर्डर एकाच ओळीची असते, आणि त्यांच्या सॉफ्टवेअरला पाच ओळींचे बिल जुळवताच येत नाही. तिथे ऑर्डरमधली ओळ शब्दशः तशीच ठेवावी, तपशील तिच्याखाली किंवा सोबतच्या जॉब कार्डात द्यावा. जादा कामासाठी ऑर्डर सुधारून घ्यावी आणि मगच बिल काढावे. वार्निशचा डबा, स्लॉटमधला कागद, मजुरीचे तास अशा ओळी टाकणे तर नव्या शंकांना आमंत्रणच.

उशिराची किंमत लहान उद्योगाला पुरती ठाऊक असते. 2006च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरल्या मुदतीत, पण फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि करार नसल्यास 15 दिवसांत. दिवस मोजायचे ते काम स्वीकारल्यापासून. गिऱ्हाइकाने 15 दिवसांच्या आत स्वीकृतीबद्दल लेखी हरकत घेतली, तर ती दूर झाल्यापासून मोजणी सुरू होते. बिलातल्या शब्दांबद्दलची शंका म्हणजे कामाबद्दलची हरकत नव्हे, असा वाद घालता येईल. पण दहा हजारांच्या बिलासाठी वर्षानुवर्षांच्या पार्टीशी असा वाद कोण घालतो? आयकर कायद्यातल्या 43बी(एच) कलमामुळे 2024-25च्या करनिर्धारण वर्षापासून मुदतीत न दिलेला असा खर्च खरेदीदाराला पैसे चुकते केल्यावरच वजा मिळू लागला. तेव्हापासून बिल लवकर मार्गी लावण्यात अकाउंट्सचाही स्वार्थ आला.

ओळ चोख झाल्यावरही एक फोन येतोच: “एचपीला 650 जास्त नाही का?” दर उघडा केल्यावर तो दिसणारच. त्याचे उत्तर मात्र बिलात नसते. ते काम सुरू होण्याआधी पाठवलेल्या आणि पर्चेसने सही केलेल्या कोटेशनमध्ये असते. त्या कोटेशनचा क्रमांक बिलाच्या वरच्या कोपऱ्यात टाकला, तर हा फोन वर्कशॉपऐवजी पर्चेसकडे जातो.