लाव्हा आधी की अशनी आधी?

दख्खनच्या खडकांवरचा शोधनिबंध वाचला की मित्रमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: मग डायनोसॉर कशाने मेले, मेक्सिकोतल्या अशनीने की आपल्याकडच्या लाव्हाने? फेब्रुवारी 2019 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात आलेल्या दोन शोधनिबंधांनी त्याआधीचा साधा प्रश्न हाती घेतला. अशनी कोसळली त्या सुमारास, म्हणजे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, सह्याद्रीतला किती लाव्हा ओतून झाला होता?

त्यासाठी थरांची वये हवीत. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरताना काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये मधूनच तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तिथे माती तयार झाली, कधी दूरच्या ज्वालामुखीची राखही येऊन पडली. त्या राखेत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक सापडतात. झिरकॉन घडताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेत नाही. युरेनियमचे शिसे ठरावीक वेगाने होते, म्हणून आज दोन्ही मोजले की स्फटिकाचे वय निघते आणि चूक काही दहा हजार वर्षांच्या घरात राहते.

यात एक खोच आहे. स्फटिक उद्रेकाच्या बराच आधी, जमिनीखालच्या शिलारसातही घडलेला असू शकतो. म्हणून पट्ट्यातल्या सर्वांत तरुण स्फटिकांवर भर देतात. तरीही वरचा थर खालच्यापेक्षा जुना निघाला, तर जुने स्फटिक मिसळले असणार, हे ओळखता येते.

प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने ही पद्धत वापरली. त्यांच्या मते लाव्हा चार मोठ्या टप्प्यांत आला आणि त्यातला पोलादपूर थरांचा टप्पा अशनीच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाला. कोर्टनी स्प्रेन आणि बर्कलेतल्या सहकाऱ्यांनी थेट बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार खनिजात साठलेला आरगॉन वायू मोजला. त्यांना अशनीची वेळ पोलादपूर थरांच्या तळाशी दिसली. त्या हिशेबाने सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा अशनीनंतरचा ठरतो.

म्हणजे भांडण पोलादपूरचे थर रेषेच्या खाली मोजायचे की वर, एवढ्यावर आले. मोजमापांतल्या चुकांची मर्यादा धरली, तर दोन्ही गटांची वये बरीचशी जुळतात. उद्रेक अशनीच्या आधी सुरू झाले, नंतरही चालू राहिले आणि बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, यावर दोघांचे एकमत आहे.

मित्रांच्या प्रश्नाला मात्र लाव्हाच्या वयातून उत्तर मिळत नाही. हवामान बिघडवतात ते कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू, आणि ते लाव्हाबरोबरच, तेवढ्याच प्रमाणात सुटले असतील असे नाही. शिलारस वर चढतानाच बराचसा वायू निसटू शकतो. त्यामुळे वायू किती आणि कधी सुटला, हे वेगळे मोजावे लागते.