केबलच्या खोक्यावर नेमकं काय वाचायचं?

नवा ४के टीव्ही सेकंदाला १२० चित्रं दाखवतो, गेमचा कन्सोलही तेवढी पाठवतो, आणि तरी पडद्यावर ६०च दिसतात. किंवा १२० दिसतात, पण मधूनच पडदा क्षणभर काळा पडतो, अंधाऱ्या दृश्यात पांढरे ठिपके चमकून जातात. लोक टीव्हीला नावं ठेवतात, पण अशा वेळी पहिला संशय मधल्या केबलवर घ्यायला हवा.

केबलमधून किती माहिती जावी लागते, याचा हिशेब घरी करता येतो. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. एचडीआर चित्रात एका पिक्सेलच्या रंगाला ३० बिट लागतात. हे सगळं सेकंदाला १२० वेळा पाठवायचं, म्हणजे जवळपास ३० गिगाबिट झाले. त्यात दोन चित्रांमधलं अंतर आणि माहिती नीट पोचावी म्हणून जोडलेले जादा बिट धरले, की आकडा ४० गिगाबिटवर जातो.

आता केबलकडे वळू. एचडीएमआय केबलच्या कामाच्या दोन प्रती आहेत. ‘प्रीमियम हाय स्पीड’ सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेते आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८. पहिलीवर ४के चित्र ६०च्या वेगाने व्यवस्थित चालतं, म्हणून जुनी केबल वर्षानुवर्षं चांगली वाटत राहते. १२० मागितले, की तिचा जीव अपुरा पडतो. ९६ गिगाबिटची ‘अल्ट्रा९६’ ही वर्गवारी २०२५मध्ये आली. आपल्या हिशेबाला तिची गरज नाही.

खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत वेगळंच छापलेलं असतं: ‘२.१’ किंवा ‘८के’. यातला २.१ हा तंत्राच्या नियमावलीचा क्रमांक आहे. केबलची ओळख म्हणून तो छापू नये, असा एचडीएमआयच्या परवाना संस्थेचाच नियम आहे. ‘८के’वरून पिक्सेल किती ते कळतं, पण सेकंदाला किती चित्रं, हे कळत नाही. तेव्हा ‘अल्ट्रा हाय स्पीड एचडीएमआय केबल’ हे पूर्ण नाव शोधा. ते खोक्यावर हवं आणि केबलच्या बाहेरच्या आवरणावरही हवं.

पण नाव कुणीही छापू शकतं. म्हणून खोक्यावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल चिकटवलेलं असतं. ते `HDMI Cable Certification` या अधिकृत ॲपनेच स्कॅन करा. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने कोड उघडला, एवढ्यावरून लेबल खरं ठरत नाही. ॲपने दाखवलेली कंपनी आणि मॉडेल हातातल्या खोक्याशी जुळवून पाहा. लांबी तर आवर्जून जुळवा, कारण प्रत्येक लांबीची चाचणी वेगळी होते. एक मीटरची केबल उत्तीर्ण झाली म्हणून त्याच कंपनीची पाच मीटरची चालेल असं नाही. तार लांबली की संकेत क्षीण होत जातो, आणि साध्या तांब्याच्या तारेतून तीन-पाच मीटरच्या पुढे ४८ गिगाबिट नेणं अवघड होतं.

त्याहून लांब अंतराला आत चिप बसवलेली किंवा प्रकाशतंतूची केबल घ्यावी लागते. तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, आणि उलटी लावली तर चित्रच येत नाही. भिंतीत पाइपातून केबल ओढून घेणार असाल, तर आधी जमिनीवर पसरून तासभर चालवून बघा. प्लास्टर झाल्यावर कळलेली चूक फार महागात पडते.

संगणकाला मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडणाऱ्यांचं काम सोपं आहे. तिथे वेग नावातच आला: ‘डीपी४०’ म्हणजे ४० गिगाबिट, ‘डीपी८०’ म्हणजे ८०.

घरी जोडणी झाल्यावर आणखी दोन गोष्टी बघा. टीव्हीचं प्रत्येक एचडीएमआय पोर्ट १२० घेईलच असं नसतं, ते माहितीपुस्तिकेत पाहून योग्य पोर्ट निवडा. मग कन्सोलच्या सेटिंगमध्ये सध्या कोणतं चित्र जातंय ते वाचा. प्लेस्टेशन ५वर ‘४के, १२०’च्या जोडीला ‘४२२’ दिसलं, म्हणजे रंगाची माहिती थोडी कमी करून पाठवलेली दिसली, तर केबलला दोष देऊ नका. तो कन्सोल मुळातच ३२ गिगाबिटपर्यंतच पाठवतो.

किमतीचं म्हणाल, तर लेबल खरं निघालेली स्वस्त केबल आणि सोनेरी टोकांची महागडी केबल यांच्या चित्रात फरक नसतो. दुकानदार खोक्यावरचं लेबल स्कॅन करू देत नसेल, तर ती केबल घेऊ नका.