‘चार लाख व्ह्यूज’ म्हणजे चार लाख माणसं नव्हे! पेजवर जाहिरात देण्याआधी स्क्रीनशॉट असा वाचा

छत्रपती संभाजीनगर : आल्याचं बेणं असो, मोसंबीची रोपं असोत की नवं कापड दुकान, जाहिरात आता तालुक्याच्या इन्स्टाग्राम-फेसबुक पेजवर दिली जाते. भाव विचारला की पेज चालवणारा आधी एक स्क्रीनशॉट पाठवतो. त्यात चार-पाच आकडे असतात. बहुतेक जण त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघतात आणि त्यावरच पैसे ठरतात. खरं तर प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो.

समजा, कन्नड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे आल्याचं ४० क्विंटल बेणं विकायला आहे. लागवडीचा हंगाम तोंडावर आहे. एक पेजवाला तीन रील्सचे ६ हजार रुपये सांगतो आणि इन्स्टाग्रामचा मागच्या ३० दिवसांचा स्क्रीनशॉट पाठवतो. त्यात दिसतं : Views ४,२०,०००, Accounts reached १,४०,०००, Interactions ५,६००, आणि फॉलोअर्समध्ये ९०० ची वाढ. हा स्क्रीनशॉट उदाहरणापुरता आहे, पण वाचायची पद्धत कुठल्याही पेजला लागू पडते.

किती वेळा दिसलं आणि किती जणांना दिसलं

बसस्टँडसमोर एक फ्लेक्स लावलाय असं धरा. एक माणूस सकाळी कामाला जाताना तो बघतो, दुपारी चहाला येताना बघतो, संध्याकाळी घरी जाताना पुन्हा बघतो. फ्लेक्स तीनदा दिसला, पण माणूस एकच. ‘तीनदा’ हा इम्प्रेशन्सचा आकडा आणि ‘एक माणूस’ हा रीचचा.

जुन्या स्क्रीनशॉटमध्ये Impressions असा शब्द सापडेल. इन्स्टाग्राम आता त्याऐवजी Views दाखवतं. रील सुरू झालं की एक व्ह्यू धरला जातो. बघणाऱ्यानं लगेच बोटानं वर सरकवलं तरी तो मोजला जातो. तेच रील पुन्हा चाललं की दुसरा व्ह्यू.

आपल्या उदाहरणात ४,२०,००० ला १,४०,००० ने भागलं की ३ येतात. म्हणजे सरासरी प्रत्येक खात्यावर पेजचा मजकूर तीन वेळा दिसला. ‘चार लाख लोकांनी बघितलं’ हे वाक्य इथंच खोटं ठरतं. खाती १ लाख ४० हजार आहेत, आणि एकाच माणसाची दोन खाती असू शकतात, म्हणून माणसं त्याहूनही कमी.

इथं एक चलाखी नेहमी होते. पेजवाला वीस पोस्टचा वेगवेगळा रीच घेतो आणि त्यांची बेरीज करून ‘महिन्याचा रीच’ सांगतो. तशी बेरीज करता येत नाही, कारण पहिल्या पोस्टवर मोजलेला माणूस दुसऱ्या पोस्टवर पुन्हा मोजला जातो. महिन्याचा रीच अॅप स्वतः वेगळा काढून दाखवतं, तोच धरायचा. दावा तपासायला जनगणनाही कामाला येते. २०११ मध्ये आपल्या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३७ लाख होती, लेकराबाळांसकट. कुणी ‘जिल्ह्यातल्या ४० लाख लोकांपर्यंत पोहोचलो’ म्हणत असेल, तर तो व्ह्यूज दाखवून माणसं सांगतोय.

एंगेजमेंट : बघून कुणी काही केलं का?

लाइक, कमेंट, शेअर आणि सेव्ह यांची बेरीज म्हणजे एंगेजमेंट. स्क्रीनवर ती Interactions म्हणून दिसते. ५,६०० ला १,४०,००० ने भागून १०० ने गुणलं की ४ टक्के येतात. पेजवाले कधी ही टक्केवारी रीचवर काढतात, कधी फॉलोअर्सवर. दोन पेजची तुलना करायची तर दोन्हीकडे एकच पद्धत वापरायला हवी.

नुसत्या टक्क्यांवर मात्र थांबू नये. समजा, या ५,६०० मध्ये ४,९०० लाइक, २५० कमेंट, ३०० शेअर आणि १५० सेव्ह आहेत. लाइक जाता जाता दिला जातो. बेणं घ्यायचा विचार असलेला शेतकरी रील सेव्ह करतो, भावकीतल्या कुणाला तरी पाठवतो, नाहीतर कमेंटमध्ये ‘भाव काय?’ विचारतो. कमेंट उघडून वाचाव्यात. शिवीगाळ आणि राजकीय भांडणसुद्धा एंगेजमेंटमध्येच मोजलं जातं.

फॉलोअर्स वाढले, पण कसे?

९०० ची वाढ ही निव्वळ वाढ आहे. आतल्या पानावर Follows २,३०० आणि Unfollows १,४०० दिसतील. म्हणजे आलेल्या दर पाच जणांमागे तीन जण सोडून गेल्याइतका हा हिशेब. लोक एखाद्या व्हिडिओपुरते येतायत आणि निघून जातायत, असा त्याचा अर्थ निघू शकतो.

वाढीचा आलेखही बघावा. एकाच दिवशी फॉलोअर्स हजारोंनी वाढले, त्या दिवशी कुठलं रील गाजलं नाही आणि पुढं आकडा रोज थोडा थोडा उतरतोय, तर फॉलोअर्स विकत घेतल्याचा संशय घ्यायला जागा आहे. असे फॉलोअर्स असले तरी रीच वाढत नाही.

आपलं गिऱ्हाईक त्यात आहे का?

बेणं विकणाऱ्यासाठी हा सगळ्यात कामाचा प्रश्न. महिन्याचे आकडे बिबट्याच्या किंवा गारपिटीच्या एखाद्याच व्हिडिओनं फुगलेले असू शकतात. म्हणून पेजवाल्याकडं त्याच्या मागच्या जाहिरातीच्या रीलचे वेगळे आकडे मागावेत. समजा, त्या रीलचा रीच ११,००० निघाला आणि ठिकाणांच्या यादीत पुणे ३१ टक्के, मुंबई १७ टक्के आणि छत्रपती संभाजीनगर ९ टक्के आहे. ११,००० चे ९ टक्के म्हणजे साधारण एक हजार खाती. ही यादी फक्त वरची शहरं दाखवते, गावांचा नेमका हिशेब त्यातून मिळत नाही. पण अंदाज बांधता येतो.

तीन रील्सचे ६ हजार, म्हणजे एका रीलला २ हजार रुपये. जिल्ह्यातल्या हजार खात्यांसाठी २ हजार, म्हणजे खात्यामागे २ रुपये. चार लाख व्ह्यूज धरून केलेला हिशेब आणि हा हिशेब यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सौदा महाग की स्वस्त हे आता ठरवता येईल, आणि भावही कमी करून मागता येईल.

स्क्रीनशॉट खरा आहे का?

फोटोतले आकडे मोबाईलवर दोन मिनिटांत बदलता येतात. म्हणून बेरजा करून बघाव्यात. रीच कधीच व्ह्यूजपेक्षा जास्त नसतो. लाइक, कमेंट, शेअर आणि सेव्हची बेरीज Interactions च्या आसपास यायला हवी. वरची तारीख बघावी : ७ दिवस, ३० दिवस की ९० दिवस? तारीख कापलेली असेल तर आकड्याला अर्थ उरत नाही. व्ह्यूजमधला किती वाटा पैसे भरून केलेल्या जाहिरातीतून आला, तेही अॅपमध्ये दिसतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे समोर बसून पेजवाल्याला त्याच्याच मोबाईलवर Insights उघडायला सांगणं. लांब असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग मागावं.

एक गोष्ट मात्र यातला कुठलाच आकडा सांगत नाही, ती म्हणजे बेणं किती विकलं. त्यासाठी रीलमध्ये एक वेगळा मोबाईल नंबर द्यावा, किंवा फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘कुठं बघितलं?’ विचारून वहीत टिपून ठेवावं. पहिल्या रीलनंतर आलेले फोन मोजावेत आणि उरलेल्या दोन रील्सचे पैसे द्यायचे की नाही, ते त्यावर ठरवावं.