बबलरमधलं तेल वर चढतं तेव्हा

ब्यूटिललिथियमची बाटली उघडी ठेवून कुणी काम करत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प, दोघंही त्याचा फडशा पाडतात, आणि कधीकधी ते पेटही घेतं. अशा पदार्थांवर काम करायचं तर फ्लास्कमधली हवा काढून तिथे नायट्रोजन भरावा लागतो आणि शेवटपर्यंत तो तसाच राखावा लागतो. त्यासाठी संशोधक जी काचेची जोडनळी वापरतात तिला श्लेंक लाइन म्हणतात. विल्हेल्म श्लेंक हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. 1917 मध्ये त्याने योहाना होल्ट्झ या सहकारी संशोधिकेबरोबर पहिली सेंद्रिय लिथियम संयुगं बनवल्याचं जाहीर केलं. हवेत जगूच न शकणाऱ्या पदार्थांशी त्याचा रोजचा व्यवहार होता, म्हणून त्याच्या नावाची भांडी आजही टिकून आहेत.

रचना साधी आहे. दोन आडव्या काचनळ्या समांतर असतात. एक व्हॅक्युम पंपाला जोडलेली, दुसरी नायट्रोजनच्या सिलिंडरला. दोघींना जोडणाऱ्या चार-पाच तोट्या असतात आणि प्रत्येक तोटीपासून जाड रबरी नळी निघून फ्लास्कपर्यंत जाते. तोटी एका बाजूला फिरवली की फ्लास्क पंपाशी जोडला जातो, दुसऱ्या बाजूला फिरवली की नायट्रोजनशी, आणि मधे ठेवली की दोन्ही बंद. नायट्रोजनच्या नळीच्या टोकाला बबलर असतो, म्हणजे तेलात बुडलेली एक नळी. जादा वायू तिथून बुडबुडे काढत बाहेर जातो. नवखा विद्यार्थी पंपाच्या दाबमापकाकडे पाहत बसतो. जुना माणूस या बुडबुड्यांकडे पाहतो. माझ्या मते दुसऱ्याचंच बरोबर आहे.

आधी हवा काढण्याचं गणित पाहू. पंप फ्लास्कमधला दाब 1 मिलीबारपर्यंत उतरवतो असं धरा. बाहेरचा दाब साधारण 1000 मिलीबार, म्हणजे हवेचा एक हजारावा भाग आत उरला. मग नायट्रोजन भरायचा, पुन्हा उपसायचा, पुन्हा भरायचा. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण दहा लाख भागांत 2 लाख 10 हजार. पहिल्या फेरीनंतर ते 210 उरतं, दुसरीनंतर 0.2 च्या आसपास. चांगल्या प्रतीच्या 99.999 टक्के नायट्रोजनमध्येच दहा लाखात 10 भाग अशुद्धी असू शकते. मग तिसरी फेरी कशाला?

कारण हे गणित कागदावरचं आहे. दाबमापक पंपाजवळ असतो आणि फ्लास्क मीटरभर रबरी नळीच्या पलीकडे. घाईत तोटी फिरवली तर आतला दाब 1 मिलीबारवर आलेलाच नसतो. पंप थकलेला असेल आणि 20 मिलीबारवरच अडत असेल, तर प्रत्येक फेरीत हवा हजारपट नव्हे, पन्नासपटच कमी होते. मग तीन फेऱ्यांनंतरही ऑक्सिजन दहा लाखात दोन-एक भाग उरतो. शिवाय खरा चिवट शत्रू पाणी आहे. ते वायूत कमी आणि काचेला चिकटून जास्त असतं. फेऱ्या वाढवून ते निघत नाही, उष्णतेने निघतं. म्हणून भांडी रात्रभर सुमारे 120 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात, किंवा पंप चालू असतानाच काचेवर गरम हवेचा झोत फिरवतात. मुंबईच्या जुलैत 250 मिलिलिटर दमट हवेत सुमारे 6 मिलिग्रॅम पाणी असतं, आणि काचेवरचा ओलावा त्याहून वेगळा. हे सगळं रिकाम्या फ्लास्कवर करायचं. द्रावक नंतर घालायचा, नाहीतर पंप लावताच तो उसळून नळीत येतो.

आता घोटाळ्याची जागा. हवा काढताना सहसा काही बिघडत नाही, बिघडतं ते परत भरताना. बबलरमध्ये नळीचं टोक तेलाखाली अडीच सेंटिमीटर असेल, तर आतला नायट्रोजन बाहेरच्या हवेपेक्षा केवळ 2 मिलीबार जास्त दाबाचा असतो. या एवढ्याशा फरकावर सगळं संरक्षण उभं आहे. अशा वेळी 250 मिलिलिटरच्या निर्वात फ्लास्ककडे तोटी झटक्यात उघडली, तर तो एका क्षणात पाव लिटर वायू मागतो. सिलिंडरकडून येणारी धार बारीक असते, ती पुरत नाही. नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो, बबलरमधलं तेल वर चढतं आणि तेलामागोमाग बाहेरची हवा आत घुसते. ती तुमच्याच फ्लास्कमध्ये जाते असंही नाही. त्याच लाइनवर शेजाऱ्याचं तीन दिवसांचं काम जोडलेलं असलं तर तिथेही पोहोचते. बबलरची नळी उंच केली तर तेल अडेल असं वाटतं. पण पूर्ण निर्वात असेल तर बाहेरची हवा तेलाचा 12 मीटर उंच स्तंभ पेलू शकते, एवढी उंच नळी कोण लावणार? बबलरला मागे फुगा केलेला असला तर तेल तिथे थांबतं, पण हवा थांबत नाही. ती थांबवायला एकतर्फी झडप लागते. ती असो वा नसो, उपाय हातातच आहे: भरण्याआधी नायट्रोजनची धार वाढवायची, तोटी केसभर उघडायची आणि बुडबुडे चालू आहेत हे पाहत राहायचं. बुडबुडे थांबले की तोटी बंद करायची आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायचं.

दुसरी वेळ थंड करण्याची, आणि ही जास्त फसवी आहे, कारण इथे कुणी तोटीला हातही लावलेला नसतो. 250 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये 50 मिलिलिटर टेट्राहायड्रोफ्युरान आहे, वर 200 मिलिलिटर वायू. ब्यूटिललिथियम घालण्यापूर्वी फ्लास्क कोरड्या बर्फाच्या बाथमध्ये उणे 78 अंशांवर उतरवला. वायू आकसतो. सगळा वायू तेवढा थंड झाला तर पोकळी भरायला बाहेरून सुमारे 100 मिलिलिटर लागेल. वरचा भाग बाथबाहेर असल्याने प्रत्यक्षात कमी लागतो, पण द्रावकाची वाफही द्रव होऊन जागा करते. सेकंदाला एक बुडबुडा, तोही 0.1 मिलिलिटरचा, म्हणजे मिनिटाला 6 मिलिलिटर. तीन मिनिटांत फ्लास्क थंड केला तर या धारेतून अठराच मिलिलिटर मिळाले. उरलेली भरपाई बबलरमधून होते. उकळतं मिश्रण बंद करताना तर यापेक्षा वाईट, कारण उकळीच्या वाफेने बराचसा नायट्रोजन आधीच बाहेर ढकललेला असतो. उष्णता काढताच वाफ द्रव होते आणि फ्लास्क जोरात श्वास आत घेतो. म्हणून बाथ आणण्यापूर्वी किंवा हीटिंग मँटल काढण्यापूर्वी धार वाढवायची. मात्र धार वाढवायची म्हणून बबलरची वाट बंद करायची नाही. बंद काचेत दाब वाढला तर ती फुटते.

तेल ओढलं गेलंय हे रबरी नळीच्या आतल्या चकचकीत थेंबांवरून कळतं. हवा आली असेल तर ब्यूटिललिथियमच्या स्वच्छ द्रावणात पांढरा गढूळपणा दिसतो. तो लिथियम हायड्रॉक्साइडचा असतो आणि गाळून सुटत नाही. द्रावणाची ताकदच कमी झालेली असते, ती पुन्हा मोजावी लागते.

असाच मागे ओढण्याचा प्रकार पंपाच्या बाजूलाही होतो. पंप आणि लाइन यांच्यामध्ये द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला ट्रॅप असतो, म्हणजे द्रावकाची वाफ पंपात जात नाही. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांचा, ऑक्सिजन उणे 183 लाच द्रव होतो. कुणी तोटी चुकून उघडी ठेवली आणि पंप तासभर हवा ओढत राहिला, तर ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव ऑक्सिजन जमतो, आणि तो साचलेल्या द्रावकाबरोबर स्फोटक असतो. निळा दिसला तर ट्रॅप उघडायचा नाही, उबही लागू द्यायची नाही. धुराड्याची काच खाली ओढायची, खोली रिकामी करायची आणि सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचं. रोजच्या बंद करण्यात मात्र क्रम असा: आधी सगळ्या तोट्या बंद, मग ट्रॅपखालचं द्रव नायट्रोजनचं भांडं काढायचं, आणि पंप थांबवतानाच लगेच त्याच्या बाजूने हवा आत सोडायची. हवा सोडायची राहिली, तर सकाळी पंपाचं तेल ट्रॅपमध्ये सापडतं.