व्हिजिटिंग कार्ड, भाग दुसरा : पत्ता कुठून वाचायचा?

नावांबद्दल लिहीन म्हणालो होतो, पण ते पुढच्या खेपेला. रविवार पेठेतल्या एका वाचकांनी चीनमधल्या यीवूच्या वांग नावाच्या एका पुरवठादाराचं कार्ड पाठवलंय. पेन्सिलच्या डब्यांचा व्यवहार आहे. पत्र दोनदा परत आलं, म्हणून ते वैतागलेत.

कार्डावरचा पत्ता (आकडे मी बदललेत) असा : झेजियांग शेंग, जिनह्वा शि, यीवू शि, ज्येफांग पेइ लू, 36 हाओ, 5 च्वांग, 2 तान्युआन, 402 शि. चिनी माणूस आधी प्रांत सांगतो आणि शेवटी दारापाशी येतो. आपण दारातून निघतो. तेव्हा उलटवायचं, पण तुकडे उलटवायचे, तुकड्यातले शब्द नाहीत. आमच्या वाचकांच्या पुतण्याने शब्दन्‌शब्द उलटवला आणि ‘लू पेइ ज्येफांग’ असा रस्ता जन्माला घातला! ‘लू’ म्हणजे रस्ता, ‘पेइ’ म्हणजे उत्तर. ज्येफांगचा अर्थ ‘मुक्ती’, पण नावाचं भाषांतर करायचं नाही. लक्ष्मी रोडचं कोणी करतं का?

दोन ‘शि’ पाहून अनुवादक बुचकळ्यात पडतो. शहरात शहर कसं? यीवू हे तालुक्याच्या दर्जाचं शहर आहे आणि ते जिनह्वाच्या कारभाराखाली येतं. मराठीत सरळ ‘यीवू, जि. जिनह्वा’ लिहावं. शेवटचा ‘शि’ मात्र वेगळाच आहे, त्याचा अर्थ खोली. उच्चार तोच, सूरही तोच, चित्रलिपीतली अक्षरं तेवढी निराळी. ‘तान्युआन’ म्हणजे एका जिन्यावरची घरं, आपली विंग म्हणा.

तर पत्ता होतो : खोली 402, विंग 2, इमारत 5, 36 ज्येफांग उत्तर मार्ग, यीवू, जि. जिनह्वा, झेजियांग प्रांत, 322000. पिन त्यांचाही सहा आकडीच. 402 वरून कोणी ‘चौथा मजला’ लिहू नये. तिथे तळमजला हाच पहिला, त्यामुळे आपल्या हिशेबाने तो तिसरा.

हुद्द्याची ओळ आहे ‘फू त्सोंग जिंगली जिएन येवूबू जिंगली’. पुतण्याने ‘येवूबू’चं ‘व्यवसाय विभाग’ केलं. शब्दशः बरोबर, पण व्यापारी कंपनीत येवूबू म्हणजे विक्री विभाग. ‘जिएन’ हा छोटा शब्द तर त्याने गाळलाच. त्याचा अर्थ ‘शिवाय हेही काम सांभाळणारा’. ओळ अशी होईल : उपमहाव्यवस्थापक, शिवाय विक्री विभागाचे व्यवस्थापक. ‘फू’ म्हणजे उप, तो लेखी असतो. समोरासमोर मात्र सगळे त्यांना ‘वांग त्सोंग’ म्हणतात, ‘फू’ गिळून टाकतात. त्यामुळेच आमचे वाचक वांग यांना सर्वेसर्वा समजत होते. किमतीचा शेवटचा शब्द कदाचित दुसऱ्याच माणसाकडे असेल.

आणि पत्रासाठी? भाषांतर स्वतःच्या फाइलीत ठेवा. पाकिटावर कार्डाची झेरॉक्स चिकटवा, चिनी बाजू वर. खाली फक्त ‘चीन’ एवढं इंग्रजीत लिहा, ते आपल्या टपालखात्यासाठी.