हातावरच्या व्रणांवरून निदान होत नाही

समजा, सुनंदा नावाची एक २९ वर्षांची बाई मानसोपचार विभागात आली आहे. हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण यातलं काहीही अपवादात्मक नाही. ती एका पतसंस्थेत नोकरी करते. डाव्या हातावर ब्लेडने कापून घेतल्यामुळे तिला सर्जरीच्या वॉर्डातून पाठवलं आहे. त्या ताज्या जखमेशेजारी जुने व्रणही दिसतात. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर केस पेपरवर लिहितो: राग अनावर होतो, मूड सतत बदलतो, आतून रिकामं वाटतं, ताण आला की आपण स्वतःपासून तुटल्यासारखं होतं, ठरलेलं लग्न मोडलं. खाली निदान लिहितो ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, म्हणजे बीपीडी. दुसऱ्या वर्षाची डॉक्टर पुढे विचारते, तेव्हा कळतं की नऊ ते तेरा या वयात घरातल्याच एका नातेवाइकाने सुनंदावर लैंगिक अत्याचार केले आणि आईला सांगितल्यावर तिला गप्प बसवलं गेलं. ही डॉक्टर आधीचं निदान खोडते आणि ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ लिहिते.

दोघांनीही घाई केली. एकाने व्रण बघून ठरवलं, दुसरीने बालपण ऐकून. मूल्यमापनात सर्वांत जास्त चुका याच दोन वाटांनी होतात.

पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणारा आजार, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षं चाललेल्या अत्याचाराने माणसाचं स्वतःविषयीचं मत, भावना आणि नातीही मोडतात, आणि हे दुखणं साध्या पीटीएसडीत मावत नाही, असं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. ते २०१९ मध्ये मंजूर झालं आणि २०२२ पासून लागू आहे. अमेरिकन डीएसएममध्ये मात्र कॉम्प्लेक्स पीटीएसडी नावाचं निदान आजही नाही. बीपीडी तिथे १९८० पासून आहे. तिचे नऊ निकष आहेत आणि त्यांपैकी कोणतेही पाच पुरे होतात. डीएसएमवरच घडलेल्या निवासी डॉक्टरला सुनंदासारख्या रुग्णासाठी हाताशी एकच कप्पा सापडतो.

मग सुरुवात कुठून करायची? आघाताच्या इतिहासापासून नव्हे. बीपीडी असलेल्या अनेकांच्या बालपणातही मारहाण, अत्याचार, हेळसांड असते. निदानासाठी ती लागत नाही, पण असते. त्यामुळे ‘लहानपणी अत्याचार झाला होता का?’ याचं उत्तर दोन्हीकडे ‘हो’ येऊ शकतं आणि त्यातून फरक कळत नाही. सुरुवात करायची ती पीटीएसडीच्या तीन मूळ लक्षणांपासून: प्रसंग आत्ता, इथे पुन्हा घडतोय असं अनुभवणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, आणि धोका अजून टळलेला नाही असं सतत वाटत राहणं. ही तिन्ही नसतील तर बालपण कितीही जड असलं तरी कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणता येत नाही. हा आजार पीटीएसडीच्या पायावरच उभा असतो.

पहिलं लक्षण विचारताना गफलत होते. ‘जुन्या आठवणी येतात का?’ असं विचारलं तर कोणीही हो म्हणेल. विचारायचं ते असं: ‘ताई, ते आठवतं, की त्या वेळी तुम्ही पुन्हा तिथेच असता?’ सुनंदा सांगते की रात्री शेजारच्या खोलीची कडी वाजली की अंग गार पडतं आणि काही क्षण ती भाड्याच्या खोलीत नसते, गावच्या घरात असते. ती दहा वर्षांची असते. ही आठवण नव्हे. गेली सहा वर्षं ती गावी गेलेली नाही, सख्ख्या चुलतभावाच्या लग्नालाही नाही. दिवा लावून झोपते, ऑफिसात पाठ भिंतीला लागेल अशीच बसते. इथे आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: तो माणूस आज कुठे आहे, तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो का? ज्या बाईला नवरा आजही मारतो, तिचं सावध राहणं हे लक्षण नसून शहाणपण असतं, आणि तिथे आधी तिच्या सुरक्षिततेचं बघावं लागतं. सुनंदाच्या बाबतीत तो धोका आज उरलेला नाही. तिची तिन्ही मूळ लक्षणं पक्की आहेत.

हे सगळं नातेवाईक खोलीत असताना निघत नाही. सोबत आलेल्या आईला किंवा वहिनीला बाहेर बसवावंच लागतं, आणि नंतर त्यांच्याशी वेगळं बोलावं लागतं.

आता अवघड भाग येतो. कॉम्प्लेक्स पीटीएसडीत या तिन्हींच्या जोडीला आणखी तीन गोष्टी लागतात: भावना सावरता न येणं, स्वतःविषयी खोल वाईट मत, आणि नात्यांतली अडचण. वाचताना ही यादी थेट बीपीडीचीच वाटते. फरक आहे तो या गोष्टी आहेत की नाहीत यात नाही, त्या कशा वागतात यात आहे.

स्वतःविषयीचं मत घ्या. सुनंदा म्हणते, ‘मी घाण आहे.’ तिला विचारायचं: कधीपासून? चांगल्या दिवशीही असंच वाटतं? पगारवाढ झाली त्या दिवशी? ती म्हणते, त्या दिवशीही, दहा वर्षांची असल्यापासून रोज. तिचं मत वाईट आहे, पण स्थिर आहे. बीपीडीत मत नुसतं वाईट नसतं, ते हलत असतं. माणूस या महिन्यात नर्सिंगला जायचं म्हणतो, पुढच्या महिन्यात ते तुच्छ वाटतं. समोर जो असेल त्याच्यासारखं होऊन जातो, आणि एकटा पडला की आपण कोण हेच सापडत नाही.

नात्यांबाबत ‘नाती टिकत नाहीत’ ही केस पेपरवरची नोंद जवळजवळ निरुपयोगी असते. नातं तुटलं तो शेवटचा आठवडा दिवसवार विचारावा. सुनंदाचं लग्न ठरलं होतं आणि मुलगा चांगला होता. तो जसजसा जवळ येऊ लागला तसतसे तिने फोन उचलणं कमी केलं, मग भेटी टाळल्या, शेवटी निरोप पाठवला. तो गेल्यावर तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग ‘माझ्या नशिबी हेच’ असं. ती कोणाच्या मागे धावली नाही. बीपीडीत साधारणपणे चित्र उलटं असतं: सोडून जातील या भीतीने एका रात्रीत तीस फोन, विनवण्या, धमक्या, आणि कालपर्यंत देव असलेला माणूस आज राक्षस. एकात माणूस माघार घेतो, दुसऱ्यात ओढतो आणि ढकलतो. आपल्याकडे ही माघार सहज दिसत नाही, हे ध्यानात ठेवावं. सात माणसांच्या घरात राहणारी सूनही कोणाशीच मनाने जोडलेली नसू शकते. घरचे तिला ‘शांत स्वभावाची’ म्हणतात.

राहिले व्रण. मेरिलीन क्लॉइटर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालपणी अत्याचार झालेल्या २८० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचं वर्तन बीपीडीच्या गटात सुमारे निम्म्या जणींत होतं, कॉम्प्लेक्स पीटीएसडीच्या गटात साधारण सातात एकीत. म्हणजे व्रणांना वजन आहे, पण त्यांनी प्रश्न सुटत नाही. म्हणून विचारायचं, कापण्याच्या आधीच्या तासाभरात काय घडलं? सुनंदाचं भांडण झालं नव्हतं. कडी वाजली, ती ‘तिथे’ गेली, अंग बधिर झालं आणि परत येण्यासाठी तिने ब्लेड घेतलं.

त्याच अभ्यासात दोन गट सर्वांत स्पष्ट वेगळे पडले ते चार लक्षणांवर: सोडून जाण्याच्या भीतीने केलेली धडपड, हलती ओळख, टोकाची अस्थिर नाती आणि आवेगी वागणं. आता सुनंदाचे डीएसएमचे निकष मोजून बघा. राग, बदलता मूड, रिकामेपणा, स्वतःला इजा, ताणात तुटल्यासारखं होणं. पाच भरले! नियमाने बीपीडी. पण जी चार लक्षणं खरा फरक दाखवतात, त्यांतलं एकही तिच्यात नाही. मोजणी करणारा डॉक्टर इथे आकड्यात बरोबर आणि निदानात चूक ठरतो. डीएसएम स्वतःच सांगतं की दुसऱ्या आजाराने जे अधिक चांगलं समजतं ते व्यक्तिमत्त्वविकार म्हणून धरू नये. ही अट मोजणीच्या घाईत विसरली जाते.

प्रश्नावलीची मदत होते, पण मर्यादेत. इंटरनॅशनल ट्रॉमा क्वेश्चनेअरमध्ये लक्षणांचे १२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. दोन किंवा जास्त गुण मिळाले की ते लक्षण धरायचं. प्रत्येक जोडीतलं निदान एक लक्षण हवं, शिवाय रोजच्या जगण्यात अडथळाही हवा. पहिले सहा प्रश्न गेल्या महिन्याबद्दल असतात, पुढचे सहा माणूस एरवी कसा असतो याबद्दल. ती बीपीडी मोजतच नाही. त्यामुळे त्यात गुण भरले म्हणून बीपीडी नाही, असं कधीच म्हणता येत नाही. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, आणि आयसीडी-११ तशी दोन निदानं लिहू देते.

‘आघाताच्या आधी माणूस कसा होता?’ हा प्रश्न प्रौढपणी छळ किंवा कैद भोगलेल्यांत फार उपयोगी पडतो. सुनंदाला विचारून उपयोग नाही. नवव्या वर्षाआधीचं व्यक्तिमत्त्व कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक तुकडीला आग्रहाने सांगते. रुग्णाचा राग आला की डॉक्टर बीपीडी लिहितो, आणि कणव आली की कॉम्प्लेक्स पीटीएसडी. शिव्या देणाऱ्या, अपॉइंटमेंट मोडणाऱ्या बाईच्या पोटातही कडीचा आवाज असू शकतो, पण तो तिला कोणी विचारत नाही. हाताला टाके पडलेल्या रात्री तर दोन्ही आजार सारखेच दिसतात. त्या रात्री जिवाला धोका किती एवढंच ठरवावं, आणि व्यक्तिमत्त्वाचं निदान दोन-तीन भेटींवर सोडावं.

हे भेद करायचे ते उपचारासाठी. सुनंदाला बीपीडी म्हटलं तर तिला भावना सावरायची कौशल्यं शिकवली जातील आणि ती उपयोगी पडतीलही, पण आठवणीला कोणी हात लावणार नाही आणि कडी वाजतच राहील. उलट, जिची रोजची आपत्ती सोडून जाण्याच्या भीतीतून येते तिला सरळ आघाताच्या आठवणींवर नेलं, तर संकटाच्या रात्रीसाठी तिच्या हाती काहीच नसतं. दोन्ही असतील तर? बालपणीच्या अत्याचारातून पीटीएसडी झालेल्या आणि बीपीडीचीही काही लक्षणं असलेल्या १९३ स्त्रियांवर मार्टिन बोहुस यांच्या गटाने जर्मनीत प्रयोग केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कौशल्यं आणि आठवणींवरचं काम एकत्र गुंफलेल्या उपचाराने त्यांना फायदा झाला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या नेहमीच्या आघातकेंद्री उपचारापेक्षा थोडा अधिक. म्हणजे कापून घेते म्हणून आठवणींवर काम करता येत नाही, ही जुनी समजूत टिकत नाही.

सुनंदाच्या केस पेपरवर तिसऱ्या भेटीनंतर लिहायचं ते असं: कॉम्प्लेक्स पीटीएसडी. बीपीडीचे पाच निकष मोजणीत भरतात, पण वेगळेपण दाखवणारी चार लक्षणं नाहीत, म्हणून ते निदान आज देत नाही. आघातकेंद्री उपचारानंतर पुन्हा तपासावं. रात्री झोपायच्या जागेची आणि ब्लेडची व्यवस्था तिच्याशी बोलून ठरवली आहे. पुढची भेट एका आठवड्याने, याच डॉक्टरकडे.