स्टेजवर मयत, प्रेक्षागृहात हशा

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ या नाटकात भाऊराव मरतात आणि मग स्वतःच उभे राहून आपल्या मरणाचं कीर्तन लावतात. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने 1974 साली हे नाटक रंगमंचावर आणलं. चाळीतल्या खोलीत प्रेत पडलेलं, बायको रमा टाहो फोडतेय, चाळकरी गोळा झालेत आणि मुलगा नाना गावाला गेलेला. भाऊरावांचं म्हणणं एकच: जाळायचं तर जुन्याच स्मशानात. पण ते स्मशान बंद होतंय. मुलाची वाट बघण्यात वेळ जातो, मग जागेचा घोळ होतो आणि इकडे प्रेताला वास सुटतो.

ज्यांच्या घरी मयत झालंय त्यांना यातलं बरंच काही ओळखीचं वाटतं. पास कोणी आणायचा, मडकं कोणी धरायचं, अमक्याला कळवलं का, तमका अजून कसा आला नाही, ही सगळी चर्चा रडण्याच्या शेजारीच चाललेली असते. आळेकरांनी ती उचलली आणि कीर्तनाच्या चालीवर ठेवली. त्यामुळे प्रेक्षक हसतो आणि हसताना थोडा चपापतो. काहींना हे चपापणं हवंहवंसं वाटतं, तर काहींना ते अजिबात सोसत नाही.

ज्यांना सोसत नाही त्यांना विनोदबुद्धी नाही, असं म्हणणं चूक आहे. मरण, खून, युद्ध, आजार असे विषय घेऊन हसवणाऱ्या कलाकृतींना आपण सरसकट डार्क कॉमेडी म्हणतो, पण त्या एकसारख्या नसतात. विषय कळला म्हणून सूर कळत नाही. एकच वस्तू, म्हणजे मधोमध पडलेलं प्रेत, तीन चित्रपटांनी कशी हाताळली ते पाहिलं की हा फरक नीट दिसतो. पाहताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवावं. मेलेला माणूस आपल्याला किती कळलेला आहे? हसू कोणावर येतंय? आणि दुःखाला दुःख म्हणून जागा मिळते का, मिळत असेल तर कधी?

आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द ट्रबल विथ हॅरी’ 1955 सालचा. अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये शरद ऋतू आलाय, झाडं लाल-पिवळी झालीत आणि टेकडीवर हॅरी नावाचा माणूस मरून पडलाय. सशाची शिकार करायला निघालेल्या म्हाताऱ्या कॅप्टनला वाटतं, आपलीच गोळी त्याला लागली. तो प्रेत लपवायच्या विचारात असतानाच एकेक जण तिथून जाऊ लागतो. गावचा डॉक्टर पुस्तकात डोकं खुपसून चालत येतो, हॅरीच्या पायाला अडखळतो आणि पुन्हा वाचत पुढे निघून जातो. एक भटक्या हॅरीच्या पायातले बूट काढून नेतो. पुढे हॅरीला पुरतात, उकरतात, परत पुरतात. त्याच्या बायकोला, म्हणजे शर्ली मॅक्लेनला, नवरा गेल्याचं काडीचंही दुःख नाही.

इथे हॅरी जिवंत असताना आपल्याला एकदाही भेटत नाही. तो कसा बोलायचा, कशाला घाबरायचा, काहीच ठाऊक नाही. त्यामुळे त्याचं प्रेत ही एक अडचणीची वस्तू होऊन बसते आणि हसू येतं ते तिची विल्हेवाट लावणाऱ्यांच्या धांदलीवर. रक्त जवळजवळ दिसत नाही, कोणी आक्रोश करत नाही. हा या प्रकारातला सर्वांत सौम्य सूर. तरीही चित्रपट अमेरिकेत फारसा चालला नाही. मेलेल्या माणसाबद्दल कोणालाच काही वाटू नये, हा थंडपणाच काही जणांना खटकतो. तो आपल्यालाही खटकतो का, हे पहिल्या वीस मिनिटांत कळतं, कारण चित्रपट शेवटपर्यंत त्याच सुरात राहतो.

कुंदन शहांचा ‘जाने भी दो यारो’ (1983) असा शेवटपर्यंत एका सुरात राहत नाही. विनोद आणि सुधीर या दोन होतकरू फोटोग्राफरांना, म्हणजे नसीरुद्दीन शहा आणि रवी बासवानीला, बागेत काढलेला एक फोटो मोठा करताना त्यात खून दिसतो. खून झालाय महापालिका आयुक्त डिमेलोचा आणि तो केलाय बिल्डर तरनेजाने. सतीश शहांनी रंगवलेला हा डिमेलो आपल्याला आधी भेटलेला असतो. लाचखोर, गोडबोल्या आणि पोकळ असा हा माणूस मेल्यावर कोणाच्याही पोटात तुटत नाही. इथे प्रेत म्हणजे पुरावा आहे आणि तो ज्याला-त्याला आपल्या ताब्यात हवाय.

शवपेटीचा प्रसंग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. रात्रीच्या रस्त्यावर दारू प्यायलेला बिल्डर आहुजा, म्हणजे ओम पुरी, त्या पेटीला बंद पडलेली मोटार समजतो आणि आतल्या माणसाशी गप्पा मारू लागतो. माणूस उत्तर देत नाही म्हणून चिडतो, मग त्याला मदत करायला निघतो. प्रसंगात मरणाची थट्टा अजिबात नाही. शहराच्या पैशावर गब्बर झालेल्या माणसाला समोरचा जिवंत आहे की मेलेला याचाही पत्ता नाही, हसू येतं ते त्यावर. पुढे डिमेलोचं प्रेत महाभारताच्या नाटकात साडी नेसवलेली द्रौपदी म्हणून उभं राहतं, तेव्हाही त्याच्याभोवती झोंबाझोंबी करणारे सगळे भ्रष्ट लोकच हास्यास्पद ठरतात. विनोदाचा बाण कायम वरच्या माणसांकडे वळलेला असतो. म्हणून मेलेल्याची विटंबना पाहूनही बहुतेक प्रेक्षक दुखावत नाहीत.

गोम आहे ती शेवटात. पूल कोसळून माणसं मेल्याची बातमी चित्रपटात हसण्या-खिदळण्याच्या मध्ये येऊन जाते आणि आपण तिच्यावर फार वेळ थांबत नाही. शेवटी त्याच पुलाचा आळ या दोन निरपराध पोरांवर येतो. कैद्यांच्या कपड्यात ती मुंबईच्या रस्त्यावर येतात आणि गळा चिरल्याची खूण करतात. दोन तास हसवल्यानंतर चित्रपट प्रेक्षकाला कसलाही दिलासा न देता सोडतो. ज्याला विनोदी चित्रपटाच्या शेवटी न्याय व्हायला हवा असतो, त्याला हा शेवट फसवणुकीसारखा लागतो. म्हणून इथे पहिली वीस मिनिटं पाहून अंदाज बांधता येत नाही. आधी कोणाला तरी विचारावं लागतं, आणि तेही शेवट काय आहे असं नाही, तर शेवट कडू आहे का एवढंच. रहस्य न फोडता या प्रश्नाचं उत्तर देता येतं.

तिसरा चित्रपट लिजो जोस पेल्लिश्शेरीचा मल्याळी ‘ई. मा. याऊ.’. 2018 च्या गोव्यातल्या इफ्फीमध्ये त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा आणि चेम्बन विनोदला उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. केरळच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्तीतली ही गोष्ट. वावच्चन नावाचा म्हातारा घरी परततो, मुलगा ईशीबरोबर दारू पितो, बापलेक जुन्या आठवणी काढतात. आपली अंत्ययात्रा थाटात निघावी अशी बापाची हौस आणि मुलगा भरात येऊन तसा शब्द देतो. त्याच रात्री बाप जातो.

मग शब्द पाळायचा आणि हातात पैसा नाही, अशी ओढाताण सुरू होते. मोठी पेटी हवी, बँड हवा. वावच्चनची दुसरी बायको-मुलं दाराशी येऊन उभी राहतात. म्हातारा पडून मेला की कोणी मारला, अशी कुजबुज पाद्रीच्या कानावर जाते. वरून पाऊस कोसळतोय. वावच्चनची बायको पेन्नम्मा सुरात आक्रोश करतेय आणि त्या आक्रोशातच येणाऱ्या-जाणाऱ्यांना टोमणेही मारतेय. टोमण्यांना हसू येतं, पण तिचं रडणं खोटं आहे असं क्षणभरही वाटत नाही.

हॅरी आणि डिमेलोपेक्षा वावच्चन वेगळा आहे, कारण आपण त्याला त्याच्या शेवटच्या संध्याकाळी मुलाशेजारी बसून पाहिलेलं असतं. इथे हसू आणि दुःख एकाच प्रसंगात असतात, आळीपाळीने येत नाहीत. हसू ज्याच्या फजितीवर येतं तो ईशी गरीब आहे, बापासाठी धडपडतोय, आणि प्रत्येक अडचणीबरोबर ते हसू आटत जातं. तिन्ही चित्रपटांत हा सर्वांत मोठा आहे आणि सर्वांत जड जाणाराही. ‘महानिर्वाण’ या दोन टोकांच्या मध्ये बसतं: घर आपलंच, पण मेलेला माणूस स्वतःच गातोय म्हटल्यावर प्रेक्षकाला मोकळेपणाने हसायची मुभा मिळते.

आपल्याला कोणता सूर झेपेल हे आधी कसं ओळखावं? सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा इथे फारसा उपयोग होत नाही. हिंसा किती, शिव्या किती, कोणत्या वयाला योग्य, एवढं त्यातून कळतं. ‘द ट्रबल विथ हॅरी’मध्ये त्या हिशेबाने आक्षेपार्ह असं फार थोडं आहे, पण त्यातला थंडपणा कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिता येत नाही. ट्रेलरही भरवशाचा नसतो. तो दोन-अडीच मिनिटांचा, आणि त्यात हमखास हशा घेणारी वाक्यं एकामागे एक जोडलेली असतात. त्या वाक्यांच्या मधली शांतता कापलेली असते, आणि सूर ठरतो तो नेमका त्या शांततेत. त्यापेक्षा चित्रपटातला सलग पाच मिनिटांचा एखादा प्रसंग पाहावा. परीक्षणं वाचायची तर एक आवडल्याचं आणि एक न आवडल्याचं वाचावं. न आवडल्याची कारणं जास्त कामाची असतात. ‘शेवट अंगावर येतो’ ही तक्रार एखाद्याला तिकीट काढायला लावेल, दुसऱ्याला थांबवेल.

आणि प्रेक्षकाची वेळही पाहावी लागते. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ला या गोष्टीचा प्रत्यक्ष फटका बसला. अणुयुद्धावर हसवणारा हा चित्रपट 1963 च्या नोव्हेंबरमध्ये निवडक प्रेक्षकांना दाखवायचा होता, आणि नेमक्या त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडींची डॅलसमध्ये हत्या झाली. तो खेळ रद्द झाला, प्रदर्शन पुढच्या जानेवारीवर गेलं आणि संवादातलं डॅलसचं नाव बदलून तिथे लास व्हेगासचं नाव डब करण्यात आलं. चित्रपट जवळजवळ तोच होता. बदलली होती ती पाहणाऱ्यांची मनःस्थिती.

घरातही हेच घडतं. ज्याचे वडील सहा महिन्यांपूर्वी गेलेत, त्याच्यासाठी ‘ई. मा. याऊ.’ लावण्याआधी त्याला विषय सांगावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. काहींना अशा वेळी हे चित्रपट फार जवळचे वाटतात, कारण अंत्यविधीच्या गडबडीत आपल्यालाही हसू आलं होतं हे त्यांना कोणाला सांगता आलेलं नसतं. ज्यांना या प्रकाराची सवय नाही त्यांनी ‘जाने भी दो यारो’पासून सुरुवात करावी. ओळखीचं शहर, ओळखीचा भ्रष्टाचार आणि धमाल विनोद असल्यामुळे वाट सोपी जाते. शेवट कडू लागला तर तिथेच थांबावं आणि हॅरीकडे वळावं. आणि तो कडवटपणाच आवडला असेल, तर मल्याळी चित्रपट रात्री एकट्याने, मराठी-हिंदी सबटायटल मिळाले नाहीत तर इंग्रजी सबटायटल लावून, मध्ये न थांबता पाहावा.